वाहनाचा विमा : ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल’ यांत फरक काय?

आज आपल्या समाजात मोटारसायकल नाही असे घर क्वचितच सापडते, आणि कर्ज काढून का होईना, चारचाकी घेणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. गाडी घेताना विम्याचा कागद सोबत मिळतो. तो डिकीत किंवा कपाटात जातो आणि अपघात होईपर्यंत कुणी उघडून पाहत नाही. बँकेत वाहनकर्जाचे काम पाहताना आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो : “साहेब, गाडीचा इन्शुरन्स चालू आहे, मग कंपनी दुरुस्तीचे पैसे का देत नाही?” बहुतेक वेळा उत्तर एवढेच असते की, त्यांच्याकडे असलेला विमा त्यांच्या गाडीसाठी नव्हताच. तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी होता. हा फरक नेमका काय आहे आणि टक्कर झाल्यावर कोणाला काय मिळते, हे एका उदाहरणाने समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

पहिला, दुसरा आणि तिसरा पक्ष

विमा हा एक करार आहे. गाडीचा मालक हा त्यातील पहिला पक्ष व विमा कंपनी हा दुसरा पक्ष. या दोघांखेरीज ज्या कुणाला त्या गाडीमुळे इजा पोहोचते तो तिसरा पक्ष, म्हणजे त्रयस्थ. पादचारी, सायकलवाला, समोरच्या गाडीतील माणसे, ज्याच्या दुकानाच्या फळ्या मोडल्या तो दुकानदार, हे सर्व त्रयस्थ होत. गाडीचा मालक मात्र स्वतःच्या गाडीच्या बाबतीत कधीच त्रयस्थ होऊ शकत नाही. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविता येत नाही. विनाविमा गाडी चालविल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चार हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच विमा. यालाच आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. याचा हप्ता कंपनी आपल्या मर्जीने ठरवीत नाही, तो सरकार ठरवून देते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार ते पंधराशे सी.सी.च्या खाजगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि पंच्याहत्तर ते दीडशे सी.सी.च्या दुचाकीला ७१४ रुपये असा हा हप्ता आहे. त्यावर कर वेगळा.

या हप्त्याच्या बदल्यात कंपनी दोन जबाबदाऱ्या घेते. आपल्या गाडीमुळे त्रयस्थाचा मृत्यू झाला किंवा तो जखमी झाला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती कंपनी देते. या रकमेला वरची मर्यादा नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर मात्र मर्यादा आहे : मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख रुपये. हप्त्यात थोडी सूट घेऊन ही मालमत्तेची मर्यादा केवळ सहा हजार रुपयांवर आणण्याची सोय पॉलिसीत असते. शंभर-दोनशे रुपये वाचविण्यासाठी ती कुणी आपल्या नकळत घातलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ ज्याला म्हणतात तो सर्वसमावेशक विमा हा काही वेगळ्या जातीचा विमा नाही. त्यात वरील थर्ड पार्टीचा भाग जसाच्या तसा असतो आणि त्याला ‘स्वतःच्या वाहनाचे नुकसान’ हा दुसरा भाग जोडलेला असतो. टक्कर, आग, चोरी, पूर, दंगल यांत आपल्या गाडीचे जे नुकसान होईल ते या दुसऱ्या भागातून मिळते. या भागाचा हप्ता मात्र कंपनी ठरविते आणि तो गाडीच्या विमामूल्यावर अवलंबून असतो.

येथे नव्या गाडीच्या मालकांची एक फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण त्यासोबत मिळणारा स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. मालक समजतो, आपला विमा तीन वर्षांचा आहे. वस्तुतः पहिल्या वर्षानंतर त्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी उरलेला असतो. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचाव्यात.

एक टक्कर, सहा प्रश्न

आता आपण एक अपघात कल्पू. गावाबाहेरच्या नाक्यावर एक मोटार समोरून येणाऱ्याकडे न पाहता उजवीकडे वळली आणि सरळ येणारी मोटारसायकल तिच्यावर आदळली. मोटारसायकल चालविणारा चौतीस वर्षांचा तरुण मरण पावला. मागे बसलेल्या त्याच्या मेहुण्याचा पाय मोडला. मोटारीचा मालक स्वतः गाडी चालवीत होता, त्याच्या मनगटाचे हाड मोडले. शेजारी बसलेल्या परिचित गृहस्थांना डोक्याला मार लागला. दोन्ही गाड्यांचे नुकसान झाले. मोटारीचा विमा सर्वसमावेशक आहे, मोटारसायकलचा फक्त थर्ड पार्टी. चूक मोटारीची. कोणाला काय मिळेल?

पहिला प्रश्न मृत तरुणाच्या कुटुंबाचा. तो मोटारीच्या दृष्टीने त्रयस्थ आहे, म्हणून भरपाई मोटारीच्या थर्ड पार्टी भागातून येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो. रक्कम ठरविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा व २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी घालून दिली आहे. समजा, हा तरुण स्वतःचा लहानसा व्यवसाय करून महिना वीस हजार रुपये मिळवीत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार जण अवलंबून आहेत. वर्षाचे उत्पन्न झाले २,४०,०००. स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढील वाढीपोटी त्यात चाळीस टक्के मिळवायचे : ३,३६,०००. तो स्वतःवर जो खर्च करीत असे त्यापोटी, चार अवलंबित असल्यामुळे, एक चतुर्थांश वजा करायचा : उरले २,५२,०००. एकतीस ते पस्तीस या वयाला सोळा हा गुणक ठरलेला आहे. गुणाकार केला की ४०,३२,००० रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च व सहवासाच्या हानीपोटीच्या ठरीव रकमा याशिवाय.

चाळीस लाख रुपये! ज्याने थर्ड पार्टी विमा काढलेला नाही, त्याच्या नावावर हाच हुकूमनामा निघतो आणि तो त्याचे घर, जमीन व पगार यांतून वसूल होऊ शकतो. पगारदाराला ही रक्कम आयुष्यभर फिटत नाही. दुसऱ्या बाजूने त्या विधवेचा विचार केला तर मालकाकडे काहीच नसल्यास तिच्या हाती नुसता कागद राहतो. कायद्याने हा विमा सक्तीचा केला तो यासाठी.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. मोटारीचा विमा सर्वसमावेशक होता म्हणून या कुटुंबाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. मोटारीला केवळ थर्ड पार्टी असता तरी त्यांना तेवढेच मिळाले असते. ‘समोरच्याचा फुल इन्शुरन्स आहे का’ असे अपघातग्रस्ताचे नातेवाईक विचारतात. त्यांना खरे पाहायचे असते ते एवढेच की अपघाताच्या दिवशी त्याचा थर्ड पार्टी चालू होता की नाही.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या मेहुण्याचा. तोही मोटारीच्या दृष्टीने त्रयस्थच. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, अपंगत्व राहिल्यास त्याची भरपाई, हे सारे मोटारीच्या थर्ड पार्टी भागातून मागता येते.

तिसरा प्रश्न मोटारसायकलीचा. तिच्या स्वतःच्या विम्यातून काहीही मिळणार नाही, कारण तो फक्त थर्ड पार्टी आहे. मात्र ती मोटारीच्या दृष्टीने त्रयस्थाची मालमत्ता आहे. म्हणून तिच्या दुरुस्तीची रक्कम त्याच न्यायाधिकरणात मोटारीच्या कंपनीकडून मागता येते. अडचण वेळेची असते. निकाल लागेपर्यंत दुरुस्तीचा खर्च स्वतः करावा लागतो, म्हणून पक्की बिले व मोडलेल्या गाडीची छायाचित्रे जपून ठेवणे भाग असते.

चौथा प्रश्न मोटारीच्या दुरुस्तीचा. चूक मोटारवाल्याचीच आहे, तरीही त्याला त्याच्या गाडीचे पैसे मिळतात. स्वतःच्या नुकसानीच्या भागात चूक कोणाची हे पाहत नाहीत. मात्र पूर्ण बिल मिळत नाही, आणि यावरूनच बहुतेक भांडणे होतात. समजा, गाडी साडेचार वर्षांची आहे आणि गॅरेजचे बिल ६०,००० रुपये झाले : पत्र्याचे व लोखंडी भाग २४,०००, बंपर वगैरे प्लॅस्टिकचे भाग १६,०००, काच ५,०००, मजुरी ९,००० आणि रंगकाम ६,०००. कंपनी नवे भाग बसविण्याचा खर्च देताना जुन्या भागांची झीज वजा करते. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा असतो, म्हणून २४,००० मधून ८,४०० गेले. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के, म्हणून १६,००० मधून ८,००० गेले. काचेवर घसारा नाही. मजुरी पूर्ण मिळते. रंगकामाच्या एकत्र बिलात पाव भाग सामानाचा धरतात व त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ७५० रुपये. शेवटी पंधराशे सी.सी.पर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. एकूण कपात झाली १८,१५० आणि कंपनीकडून मिळाले ४१,८५०. याला कुणी कंपनीची लबाडी म्हणू नये. हे कोष्टक पॉलिसीतच छापलेले असते. जादा हप्ता भरून ‘झिरो डेप्रिसिएशन’ ही जोड घेतली असती तर घसाऱ्याची कपात टळली असती आणि केवळ एक हजार खिशातून गेले असते. ही जोड साधारणतः पहिल्या काही वर्षांपुरतीच मिळते.

पाचवा प्रश्न मोटारमालकाच्या मोडलेल्या मनगटाचा. येथे अनेकांचा गैरसमज आहे. सर्वसमावेशक विमा म्हणजे मालकाच्या दवाखान्याचा खर्च नव्हे. मालक त्रयस्थ नाही, म्हणून थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग फक्त गाडीचा आहे. मालकासाठी ‘वैयक्तिक अपघात’ नावाचे वेगळे कलम असते. २०१८ पासून त्याची रक्कम पंधरा लाख रुपये आहे. पण ती मृत्यू झाल्यास किंवा कायमचे अपंगत्व आल्यासच मिळते : दोन अवयव गेल्यास पूर्ण, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास निम्मी. मनगट मोडून जुळले तर त्यातून काही नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा हवा. आणि हे कलम मालकाच्याच नावाचे असते, त्याच्याकडे वैध लायसन्स असले पाहिजे.

सहावा प्रश्न मोटारीत बसलेल्या परिचित गृहस्थांचा, आणि दोन्ही विम्यांतील सर्वांत कमी माहीत असलेला फरक हाच आहे. खाजगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत त्रयस्थाच्या भागातच ‘गाडीतील प्रवासी’ हे शब्द घातलेले असतात. भाडे न घेता बसविलेल्या माणसाची भरपाई त्यात येते. म्हणून या गृहस्थांना मोटारीच्याच कंपनीकडून भरपाई मिळू शकते. मोटारीला नुसता थर्ड पार्टी असता तर तो कायद्याने सक्तीच्या जबाबदारीपुरताच असतो, आणि खाजगी गाडीत फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. मग भरपाईचा बोजा मालकावर पडतो. दुचाकीच्या मागे बसणाऱ्याचेही तसेच. ज्या मोटारसायकलवर आपण रोज पत्नीला किंवा मुलाला मागे बसवितो, तिला फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या चुकीने झालेल्या अपघातात मागे बसणाऱ्याला आपल्या विम्याचा आधार नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत तो आहे.

चूक उलटी असती तर?

आता तोच अपघात, पण चूक मोटारसायकलस्वाराची धरू. तो चुकीच्या बाजूने भरधाव आला. आता मोटारीच्या कंपनीकडे कलम १६६ खाली मागणी टिकत नाही, कारण त्या कलमाखाली समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मोटारसायकलच्या विम्यातूनही घरच्यांना थर्ड पार्टीची भरपाई नाही, कारण तो स्वतः त्या गाडीचा मालक होता. उरते ते वैयक्तिक अपघाताचे पंधरा लाख, जर त्याने त्याचा हप्ता भरला असेल, गाडी त्याच्या नावावर असेल आणि लायसन्स असेल तर. मित्राची गाडी मागून नेली असेल तर तेही नाही. दुसऱ्याची गाडी चालविणारा हा कायद्याने मालकाच्या जागी उभा राहतो, आणि वैयक्तिक अपघाताचे कलम फक्त नोंदणीकृत मालकाचे असते.

अशा कुटुंबासाठी कायद्यात एक वाट ठेवलेली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार, दोष कोणाचा हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. पण सावध राहावे लागते. कंपनीशी तडजोड करून ही कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपुष्टात येतो. आपल्या पहिल्या उदाहरणातल्या विधवेने दुःखाच्या भरात पाच लाखांवर सही केली असती, तर चाळीस लाखांचा दावा गेला असता. चूक स्पष्टपणे समोरच्याची असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

पुष्कळदा चूक दोघांचीही निघते. मग न्यायाधिकरण टक्केवारी ठरविते. स्वाराची चूक तीस टक्के धरली तर त्याच्या कुटुंबाच्या रकमेतून तीस टक्के वजा होतात.

दावा करावा की खिशातून भरावे?

स्वतःच्या नुकसानीच्या भागावर दावा न केलेल्या वर्षांसाठी सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एक दावा केला की ती शून्यावर येते व पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. आपल्या मोटारमालकाला चार वर्षे दावा न केल्याने ४५ टक्के सूट चालू आहे. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता आठ हजार रुपये आहे आणि तो तेवढाच राहील असे धरू. दावा केला नाही तर पुढील वर्षापासून ५० टक्के सुटीने तो दरवर्षी ४,००० भरील. दावा केला तर ८,०००, नंतर ६,४००, ६,०००, ५,२००, ४,४०० असे भरून सहाव्या वर्षी तो ४,००० वर येईल. वर्षांमागे जास्त गेले ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. एकूण दहा हजार रुपये. म्हणजे या मालकासाठी दहा हजारांच्या आत मिळणारा दावा तोट्याचा आहे आणि ४१,८५० चा दावा फायद्याचा. बंपरला ओरखडा गेला म्हणून दावा करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ही सूट थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसते. आणि पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर साठलेली सूट जाते.

कंपनी कोठे नाही म्हणते

दोन भागांतील फरक येथे सर्वांत जास्त उमगतो. चालकाकडे त्या वाहनाचे वैध लायसन्स नसेल, तो दारू प्यालेला असेल, किंवा खाजगी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने दिलेली असेल, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. लायसन्स नसलेल्या चालकाकडून त्रयस्थाला इजा झाली तर मात्र त्रयस्थाने काय गुन्हा केला? म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले की कंपनीने त्रयस्थाला आधी रक्कम द्यावी आणि मग मालकाने अट मोडली असेल तर त्याच्याकडून वसूल करावी. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. कंपनी भरते, पण शेवटी वसुली त्यांच्याकडून होते.

जुनी गाडी विकत घेतानाही असाच फरक पडतो. गाडी हस्तांतरित झाली की कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाच्या नावाची ‘फुल’ पॉलिसी बाळगून फिरणाऱ्याला स्वतःच्या गाडीपुरता विमा नाही असेच समजावे.

टक्कर झाल्यावर

जखमीला दवाखान्यात पोहोचविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते आधी. त्यानंतर पोलिसांना खबर द्यावी. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला पाठवायचा असतो. त्यात दोन्ही गाड्यांचे क्रमांक व विम्याचे तपशील बरोबर आले आहेत का, हे जखमीच्या नातेवाइकांनी पाहावे. गाड्या हलविण्यापूर्वी जमल्यास छायाचित्रे घ्यावीत.

मोटारमालकाने त्याच दिवशी आपल्या कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत गाडी उघडू देऊ नये. आधी दुरुस्ती आणि मग कळविणे, हे दावा अडकण्याचे नेहमीचे कारण असते. रस्त्यावर समोरच्याला ‘सगळा खर्च मी देतो’ असे लिहून देऊ नये. कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये, अशी पॉलिसीची अट असते. जखमीनेही पाच-दहा हजार रोख घेऊन ‘तक्रार नाही’ असे लिहून देऊ नये. पोलिसांत नोंद नसेल तर पुढे अपघातच सिद्ध करणे अवघड होते. न्यायाधिकरणातील अर्ज, अपघात कोठेही झाला असला तरी, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर कुणी थांबू नये.

कर्जाची गाडी

शेवटी बँकेच्या बाजूने एक मुद्दा. कर्जाच्या गाडीला बँक सर्वसमावेशक विम्याचा आग्रह धरते आणि पॉलिसीवर बँकेचे नाव चढविते, ते उगाच नव्हे. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात व विमामूल्याइतकी रक्कम मिळते. ती आधी कर्जखात्यात जमा होते. समजा, कर्ज साडेतीन लाख उरले आहे आणि विमामूल्य चार लाख आहे. विमा चालू असेल तर अनिवार्य कपात वजा जाता कर्ज फिटून सुमारे पन्नास हजार रुपये मालकाच्या हाती येतात. दुसऱ्या वर्षी हप्ता वाचविण्यासाठी त्याने नुसता थर्ड पार्टी ठेवला असेल, तर गाडी भंगारात जाते आणि साडेतीन लाखांचे हप्ते चालूच राहतात. कर्ज फिटेपर्यंत तरी ही काटकसर परवडणारी नाही. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, विमामूल्य साठ-सत्तर हजारांवर आले आणि धातूच्या भागांवर निम्मा घसारा लागू लागला, की मग नुसता थर्ड पार्टी ठेवण्याचा विचार करायला हरकत नाही. मात्र तेव्हा मागे किंवा शेजारी बसणाऱ्या माणसाचा प्रश्न विसरू नये. कंपनीकडे जादा हप्ता भरून त्यांची जोखीम पॉलिसीत घेता येते का, हे विचारून घ्यावे.

वाचकांनी आज घरी गेल्यावर आपली पॉलिसी काढून चार गोष्टी पाहाव्यात : थर्ड पार्टीची शेवटची तारीख, स्वतःच्या नुकसानीची शेवटची तारीख, मालमत्तेची मर्यादा सहा हजार आहे की पूर्ण, आणि वैयक्तिक अपघाताचा हप्ता भरलेला आहे की नाही. या चारही गोष्टी पहिल्याच पानांवर असतात. विद्यार्थ्यांनी हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून करावे. त्यांतली एखादी तारीख उलटून गेलेली आढळली, तर नूतनीकरण होईपर्यंत गाडी दारातच उभी ठेवावी.